उकळलेल्या कढीत विरजण जिवंत राहते का?

बीड जिल्ह्यात ज्वारीच्या भाकरीसोबत ताकाची कढी होते. ताकात बेसन कालवून, फोडणी देऊन ती उकळतात. दह्यातले जिवाणू ४०-४५ अंशांच्या कोमट दुधात वाढतात. ६० अंशांपुढे ते झपाट्याने मरू लागतात. उकळी तर शंभराच्या आसपास असते. म्हणजे कढीत जिवंत विरजण जवळपास उरत नाही, प्रोबायोटिकचा लाभही मिळत नाही.

खात्री करायची असेल, तर कोमट दुधाच्या दोन वाट्या घ्याव्यात. एकीत ताजे ताक, दुसरीत निवलेली कढी चमचाभर घालावी. रात्रभरात ताकाची वाटी विरजते, कढीची विरजत नाही.

आंबटपणा, प्रथिने आणि कॅल्शियम मात्र कढीत टिकतात. जिवंत जिवाणू हवे असतील, तर जेवताना वाटीभर न तापवलेले ताक वेगळे घ्यावे.