‘नाही’ आणि ‘माहीत नाही’

दूध संकलन केंद्राच्या सभासदांसाठी आम्ही एक ॲप केलं होतं. काम साधं. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घातलं की किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती, दर काय लागला आणि रक्कम किती झाली, हे सभासदाला स्वतःच्या फोनवर दिसावं. पूर्वी यासाठी कागदाची छोटी पावती मिळायची आणि ती खिशात भिजून जायची.

ॲप सुरू होऊन महिनाही झाला नसेल. एका सभासदाने संध्याकाळी ते उघडलं. सकाळी त्यांनी साडेअकरा लिटर दूध घातलं होतं. पडद्यावर मधोमध रिकाम्या बरणीचं चित्र होतं आणि खाली तीन शब्द : ‘नोंद उपलब्ध नाही’. अंधार पडला असतानाच ते मोटरसायकल काढून केंद्रावर आले आणि सचिवांना म्हणाले, “माझं सकाळचं दूध गेलं कुठं?” नोंद जागेवर होती, पावतीही निघाली होती. त्या वेळी त्यांच्या वस्तीवर फोनला रेंज नव्हती, एवढंच.

तो पडदा मी आखला होता. चित्र सुबक होतं, अक्षरं वाचता येत होती, शुद्धलेखन बरोबर होतं. चूक अशी की पडदा खोटं बोलला होता. त्याला ‘माहीत नाही’ म्हणायचं होतं आणि तो ‘नाही’ म्हणाला.

हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. ॲप उघडलं की फोन दूरच्या संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, विचारतो : या सभासदाच्या आजच्या नोंदी दे. घरातल्या पोराला केंद्रावर विचारायला पाठवावं तसंच हे. पोरगा परत येऊन म्हणाला, “आज काही नोंद नाही,” तर ते एक उत्तर झालं. पोरगा वाटेत अडकला आणि परतलाच नाही, तर आपल्याकडे काहीच उत्तर नाही. घरात बसलेला माणूस या दोन गोष्टींची गल्लत कधी करणार नाही. ॲपमध्ये मात्र ती सहज होते. दोन्ही वेळी दाखवायची यादी रिकामीच असते आणि प्रोग्राम लिहिणारा एकच अट घालून मोकळा होतो : यादी रिकामी असेल तर बरणीचं चित्र दाखव. आखणाऱ्यानेही त्याला एकच चित्र दिलेलं असतं.

म्हणून आम्ही आधी कागद घेतला आणि हा एक पडदा कोणकोणत्या कारणांनी रिकामा राहू शकतो ते लिहून काढलं. उत्तर आलेलं आहे आणि ते खरोखर ‘नाही’ असंच आहे, अशीही कारणं एकापेक्षा जास्त निघाली.

पहिलं, सभासद नवा आहे. त्याने अजून एकदाही दूध घातलेलं नाही. त्याला रिकामी बरणी दाखवून काही कळत नाही. तिथे आम्ही लिहिलं : ‘केंद्रावर दूध घातलं की लिटर, फॅट आणि रक्कम इथे दिसेल.’ खाली नमुन्याची एक नोंद फिकट रंगात दाखवली आणि तिच्यावर ‘नमुना’ असं स्पष्ट लिहिलं. अशा पडद्यावर एखादं बटण ठेवायचा मोह होतो, कारण रिकाम्या पडद्यावर पुढचं पाऊल दाखवणारं बटण असावं असं आम्हाला शिकवलेलं असतं. पण इथे पुढचं पाऊल फोनमध्ये नव्हतंच, ते केंद्रावर होतं. नोंद केंद्रावरचा माणूस करतो, सभासद करू शकत नाही. ‘नोंद जोडा’ असं बटण ठेवलं असतं तर ते दाबून माणूस आणखी गोंधळला असता. म्हणून बटण नाही, फक्त केंद्राच्या वेळा.

दुसरं, सभासदाने तारखा निवडल्या आहेत आणि त्या काळात नोंद नाही. गाय आटली असेल, किंवा महिना चुकून मागचा निवडला गेला असेल. इथे त्याने काय विचारलं होतं ते त्याला परत सांगावं लागतं : ‘१ मे ते १० मे या दिवसांत दुधाची नोंद नाही.’ आणि खाली बटण, ‘तारखा बदला’. नुसतं ‘नोंद नाही’ लिहिलं तर तारीख चुकली आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. तारखांसकट लिहिलं की तो स्वतःच म्हणतो, अरे, मला जून हवा होता.

आता उत्तर न आलेला पडदा. इथे सर्वांत जास्त उपयोगी पडली ती गोष्ट संदेश नव्हतीच. ती होती जुन्या नोंदी. शेवटच्या वेळी आलेली यादी फोनमध्येच जपून ठेवायची आणि संपर्क तुटला तरी तीच दाखवायची. वर एक पट्टी : ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही. खालच्या नोंदी आज सकाळी ७.१० पर्यंतच्या आहेत.’ आणि शेजारी बटण, ‘पुन्हा पाहा’. आधी आम्ही ‘तुमचं इंटरनेट बंद आहे’ असं लिहिणार होतो. पण ते फोनला नेहमी नक्की कळत नाही. टॉवर दिसतो, रेषाही भरलेल्या असतात, तरी पुढे काही सरकत नाही. कधी सर्व्हरच बंद असतो आणि दोष विनाकारण वापरणाऱ्याच्या माथी येतो. जे नक्की ठाऊक आहे तेवढंच लिहायचं, असं ठरवलं.

ती पट्टी किती वेळाने दाखवायची, हाही प्रश्न होता. एका सेकंदात दाखवली तर कमी रेंजच्या गावात ती सारखी उघडझाप करते. म्हणून फोन आधी स्वतःच दोनतीनदा विचारून पाहतो आणि दर वेळी मधला वेळ वाढवतो : २ सेकंद, मग ४, मग ८. वेळ वाढवण्यामागे आणखी एक कारण आहे. सकाळी दूध घालून झाल्यावर शेकडो सभासद एकाच सुमारास ॲप उघडतात. सर्व्हर दमलेला असताना सगळ्या फोनांनी दर सेकंदाला दार ठोठावलं तर तो उठायचाच नाही.

‘माहीत नाही’ला ‘नाही’ म्हणण्याची खरी किंमत पैशांच्या पडद्यावर मोजावी लागते. सभासद याच ॲपमधून सरकी पेंड मागवतात आणि यूपीआयने पैसे भरतात. यूपीआयचे शेवट तीन असतात. पैसे गेले, पैसे गेले नाहीत, आणि अजून ठरलेलं नाही. तिसऱ्या अवस्थेत खात्यातून रक्कम वजा झालेली असू शकते, पण समोरच्या बँकेचं उत्तर आलेलं नसतं. इथे लाल फुली दाखवून ‘व्यवहार अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहिलं, तर माणूस सांगितल्याप्रमाणे पुन्हा प्रयत्न करतो आणि पोत्याचे पैसे दोनदा जातात. म्हणून या पडद्यावर आम्ही ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे बटण ठेवलंच नाही. त्याऐवजी असं लिहिलं :

‘₹१,५५० चं काय झालं ते बँकेकडून अजून कळलेलं नाही. पुन्हा पैसे भरू नका.’

त्याखाली वेळ, कोणाला पाठवले ते नाव, व्यवहाराचा १२ आकडी क्रमांक आणि ‘स्थिती तपासा’ हे बटण. मग पुढे काय, याचं उत्तरही तिथेच दिलं. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये यासाठी मुदती घालून दिल्या आहेत. यूपीआयने विक्रेत्याला दिलेले पैसे खात्यातून वजा झाले पण विक्रेत्यापर्यंत पोचल्याचं पक्कं झालं नाही, तर ते व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे दोन ओळींत सांगितलं की माणसाला काय करायचं ते कळतं : थांबायचं, कधीपर्यंत थांबायचं, आणि त्यानंतर तो क्रमांक घेऊन बँकेत जायचं.

याउलट काही चुका ॲपला नक्की ठाऊक असतात. तिथे मोघम बोलायला जागा नाही. बिल जमा होण्यासाठी सभासद बँकेचा आयएफएससी कोड भरतो. तो ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं कायम शून्य असतं. लोक तिथे हमखास इंग्रजी ओ टाइप करतात. आमचा पहिला संदेश होता ‘अवैध कोड’. पासबुक समोर धरून माणूस पुन्हा पुन्हा तेच भरत राहायचा, कारण छापील शून्य आणि ओ दिसायला सारखेच. नंतर आम्ही लिहिलं : ‘पाचव्या जागी शून्य हवं, इथे ओ आहे.’ त्यानंतरच्या आवृत्तीत तर ॲपच ते अक्षर दुरुस्त करू लागलं आणि तो संदेश लागेनासाच झाला. मात्र एक पथ्य तेव्हापासून पाळतो. एक खाना चुकला म्हणून भरलेला बाकीचा अर्ज कधीही पुसायचा नाही.

हे सगळं करून आम्ही त्याच केंद्रावर गेलो. फोन विमान मोडवर टाकून सभासदांच्या हातात दिला आणि दोनच प्रश्न विचारले : काय झालं असं वाटतं? आता तुम्ही काय कराल? पट्टी वाचून बहुतेकांनी बरोबर सांगितलं. रेंज नाही, घरी जाऊन बघेन. मग विमान मोड काढला, रेंज आली, पट्टी गेली. तरीही एका बाईंच्या फोनवर त्या सकाळच्या रकान्यात ‘नोंद नाही’ असंच दिसलं. दूध त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत घातलं होतं.

कारण शोधायला अर्धा तास गेला. केंद्रावरचा संगणक मशिनमधून लिटर आणि फॅट घेत होता, पावती छापत होता, पण त्याचंच इंटरनेट सकाळपासून बंद होतं. नोंदी त्याच्या पोटात साठल्या होत्या, सर्व्हरपर्यंत गेल्याच नव्हत्या. फोनने सर्व्हरला विचारलं, सर्व्हरने उत्तर दिलं, उत्तर ‘नाही’ होतं, आणि तरीही ते खरं नव्हतं. पोरगा या वेळी परत आला होता, पण त्याने विचारलं त्यालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून आमच्या ॲपमध्ये नुसतं ‘नाही’ कुठेच लिहिलेलं नाही. ते कधीपर्यंतचं ‘नाही’ आहे, हे त्याच्यासोबत असतं. त्या रकान्यात आता असं दिसतं : ‘आज सकाळची नोंद अजून आलेली नाही. केंद्राकडून शेवटची माहिती काल संध्याकाळी ७.४० ला आली. पावती जपून ठेवा.’ आणि खाली केंद्राला फोन लावायचं बटण. केंद्राची माहिती त्या दिवशीची असेल आणि तरी नोंद नसेल, तर मात्र तक्रार करायला कारण आहे, आणि मग बटणही तेच सांगतं : ‘नोंद राहिल्याचं कळवा’.

त्या बाईंना आम्ही नवा पडदा दाखवला. त्यांनी तो वाचला, पदराच्या गाठीतली पावती चाचपून पाहिली आणि रिकामी किटली उचलून घराकडे निघाल्या.