वजीर विरुद्ध हत्ती

पटावर प्यादी नाहीत. एकाकडे वजीर, दुसऱ्याकडे हत्ती. पुस्तकं सांगतात, वजीरवाला जिंकतो. पण १९७७ मध्ये ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊनला ‘बेल’ या संगणकाविरुद्ध पहिल्या डावात ५० चालींत ते जमलं नाही. संगणक हत्तीला राजापासून लांब नेत होता, माणसं सहसा नेत नाहीत. दुसऱ्या डावात कसंबसं जमलं.

गाठायची ती फिलिडोरची स्थिती: पांढरा राजा सी ६, वजीर ए ५, काळा राजा बी ८, हत्ती बी ७. चाल मात्र काळ्याची हवी. पांढऱ्याची असेल तर ई ५ वर शह, राजा ए ७, ए १ वर शह, राजा बी ८, वजीर परत ए ५. स्थिती तीच, पाळी काळ्याची! राजाला धड घर नाही, म्हणून हत्ती सुटतो. बी १ ला गेला तर डी ८, डी ४, एच ८, एच ७ असे शह देत शेवटी हत्तीच मिळतो.

हत्तीवाल्याने लगेच हार मानू नये. राजाला घर उरलं नाही, की हत्तीच बळी देऊन कोंडी करता येते, आणि डाव बरोबरीत सुटतो. वजीरवाल्याने शह देण्याआधी तेवढं पाहावं. चाळिसावी चाल उलटली तर अधिकच.