एकाच शेअरमध्ये दीड कोटी : पुटचे संरक्षण कोणत्या मुदतीसाठी?

५ मार्च २०२० च्या संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले. दुसऱ्या दिवशी निफ्टी सुमारे अडीच टक्के घसरला आणि येस बँकेचा शेअर ५६ टक्के खाली बंद झाला. आदल्या दिवशी ३६ रुपये ८० पैसे असलेला भाव १६ रुपये २० पैशांवर आला. ज्याने येस बँकेतली मोठी धारणा निफ्टीचे पुट घेऊन सुरक्षित केली होती, त्याच्या हाती त्या दिवशी नगण्य रक्कम आली असती. पुढच्या आठवड्यात बँकेची पुनर्रचना योजना आली आणि शंभराहून अधिक शेअर असलेल्या जुन्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. पळून जायची वाटही बंद झाली.

एकाच कंपनीत मोठी रक्कम असलेल्या गुंतवणूकदाराचा खरा धोका असा असतो. निफ्टीचा पुट संपूर्ण बाजाराच्या पडझडीपासून वाचवतो. २३ मार्च २०२० रोजी निफ्टी एका दिवसात जवळजवळ १३ टक्के कोसळून ७६१० वर बंद झाला, तेव्हा त्याने चोख काम केले. निफ्टीच्या पुटमध्ये जूनच्या आणि डिसेंबरच्या लांबच्या मालिका मिळतात, उलाढालही भरपूर असते. पण कंपनीचा स्वतःचा धोका, म्हणजे हिशेबातला घोटाळा, नियामकाचा आदेश किंवा बिघडलेला तिमाही निकाल, त्यात झाकला जात नाही. त्यासाठी त्याच शेअरचा पुट लागतो. आपल्याकडे शेअरच्या ऑप्शनमध्ये एका वेळी फक्त तीन महिन्यांच्या मालिका उपलब्ध असतात, आणि खरेदी-विक्रीच्या भावात बेताचे अंतर बहुधा चालू महिन्याच्या मालिकेतच सापडते. म्हणजे संरक्षण महिन्याभराचे, आणि पुढे न्यायचे तर दर महिन्याला नवे.

हिशेबासाठी एक उदाहरण घेऊ. शेअरचा भाव १५००, लॉट ५०० चा, जवळ १०,००० शेअर, म्हणजे दीड कोटींची धारणा आणि २० लॉट. शेअरची अपेक्षित वार्षिक अस्थिरता २४ टक्क्यांच्या आसपास असेल, तर महिन्याच्या मुदतीचा १५०० चा पुट साधारण ३७ रुपयांना पडेल. १४२० चा पुट १४ रुपयांच्या घरात मिळेल. अनुभवी माणूसही इथे 'स्वस्त कोणता' असे विचारू लागतो. विचारायचे आहे ते वेगळे : या महिन्यात मी किती रुपये गमावू शकतो? १४२० च्या पुटचे उत्तर नेमके आहे. भावातली ८० रुपयांची घसरण आणि १४ रुपये प्रीमियम मिळून शेअरमागे ९४ रुपये, म्हणजे ९ लाख ४० हजार. शेअर १२०० वर आला तर धारणेत ३० लाखांची घट, पुटमधून २२ लाख, प्रीमियम १ लाख ४० हजार, बेरीज तीच. शेअर ९०० वर गेला तरी तीच. हा आकडा घरखर्च, कर्ज आणि बाकीची मालमत्ता पाहून सोसण्याजोगा वाटला, तर स्ट्राइक बरोबर निवडली गेली.

इथपर्यंतचे गणित बहुतेकांना येते. खरी गफलत दुसऱ्या महिन्यापासून सुरू होते.

समजा शेअर एका झटक्यात कोसळला नाही, दर महिन्याला पाच टक्क्यांनी झिजत गेला. पहिल्या महिन्याअखेर भाव १४२५. आपला १४२० चा पुट शून्यावर गेला. आपण पुन्हा त्याच अंतरावरचा, म्हणजे १३५० च्या आसपासचा पुट घेतला. महिन्याअखेर भाव १३५४, तोही पुट शून्यावर. सहा महिन्यांनी शेअर ११०३ च्या जवळ आलेला असतो, धारणा जवळजवळ ४० लाखांनी घटलेली असते, आणि एकाही पुटने एक रुपया दिलेला नसतो. उलट प्रीमियमचे सात-साडेसात लाख गेलेले असतात. दर महिन्याला संरक्षण होते आणि एकूण नुकसान ४७ लाखांचे.

याला उपाय आहे, पण तो मनाला जड जातो. भाव उतरला तरी स्ट्राइक खाली आणायची नाही. भाव १४२५ असताना १४२० चाच पुट पुन्हा घ्यायचा. आता तो १४ रुपयांना मिळत नाही, ३३ च्या आसपास पडतो, आणि नेमक्या याच वेळी हात आखडतो. पण त्यापुढे भाव आणखी उतरला की पुटच्या किमतीतला वेळेचा हिस्सा झपाट्याने कमी होतो, आणि १४२० ची पातळी राखण्याचा पुढचा खर्च थोडाच उरतो. अस्थिरता फारशी बदलली नाही असे धरले, तर या मार्गाने सहा महिन्यांचे एकूण नुकसान साडेतेरा-चौदा लाखांच्या आसपास थांबते. म्हणून पहिला पुट घेतानाच कागदावर लिहून ठेवावे की कोणती पातळी राखायची आहे आणि कोणत्या तारखेपर्यंत. दरमहा 'पाच टक्के खालचा पुट' घेण्याचा नेम सोपा वाटतो. हळूहळू उतरणाऱ्या शेअरसमोर तो निकामी ठरतो.

खर्चाची तुलना कशाशी करायची, हेही याच टप्प्यावर ठरते. शेअरमागे १४ रुपये दरमहा, म्हणजे वर्षाला १६८, धारणेच्या ११ टक्क्यांहून अधिक. आता समजा हे शेअर जुने आहेत आणि कराच्या हिशेबातली खरेदी किंमत ३०० रुपये आहे. आज विकले तर १२०० रुपयांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी १५० रुपये कर, वर अधिभार आणि उपकर. अधिभार धरूनही ही रक्कम वर्षभराच्या प्रीमियमच्या आसपासच येते. कर वाचवण्यासाठी विकायचे नाही आणि भीतीपोटी वर्षानुवर्षे पुट घेत राहायचे, ही सवय म्हणूनच मला पटत नाही. शेअरचा पुट हा मुदत ठाऊक असलेल्या धोक्यासाठी आहे. निकालाचा महिना, न्यायालयाचा किंवा नियामकाचा अपेक्षित आदेश, बारा महिने पूर्ण होऊन २० टक्क्यांऐवजी साडेबारा टक्के कर लागायला उरलेले सहा-आठ आठवडे, अशा वेळी तो आपली किंमत वसूल करतो. मुदत सांगता येत नसेल, तर धारणेचा काही भाग विकणे हाच प्रामाणिक उपाय.

खर्च कमी करण्यासाठी कॉलर करतात. १४२० चा पुट घ्यायचा आणि १५८० चा कॉल तेवढ्याच प्रीमियमला विकायचा. रोख खर्च जवळजवळ शून्य, बदल्यात १५८० च्या वरची वाढ सोडून द्यायची. कॉल विकला की मार्जिन लागते. शेअर तारण ठेवून ते उभे करता येते, पण त्यातला काही भाग रोखीत किंवा रोखीसमान स्वरूपात द्यावा लागतो. शेअर १७०० वर गेला तर कॉलवरचे १२० रुपये रोखीने जातात, आणि धारणेतली वाढ कागदावरच राहते. दहा हजार शेअरवर हे बारा लाख होतात. ती रोकड बाजूला नसेल, तर कॉलर करू नये.

आता मुदत संपण्याचा दिवस. ऑक्टोबर २०१९ पासून शेअरच्या सर्व वायद्यांची आणि ऑप्शनची पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते. शेअर १२०० वर असताना १४२० चा पुट शेवटच्या दिवसापर्यंत ठेवला, तर तो आपोआप वापरला जातो आणि आपले १०,००० शेअर १४२० च्या भावाने आपल्या डिमॅट खात्यातून जातात. धारणा वाचवायला घेतलेल्या पुटने धारणाच विकली जाते, आणि ३०० रुपयांच्या जुन्या खरेदीवरचा भांडवली नफा त्याच वर्षी करपात्र होतो. शेअर तारण असतील आणि वेळेवर सुटले नाहीत, तर लिलावाचा भुर्दंड वेगळा. शिवाय शेवटच्या चार दिवसांत अशा पुटवर डिलिव्हरी मार्जिन चढत्या दराने लागू होते. येस बँकेसारखे शेअर गोठवले गेले, तर ते देता येत नाहीत. पुटची किंमत हाती यायची तर तो मुदतीआधी बाजारात विकावा लागतो.

साधा मार्ग म्हणजे पुट आठवडाभर आधी विकणे. पण भावाच्या इतक्या वर असलेल्या स्ट्राइकला खरेदीदार कमी असतात. आतली किंमत २२० असताना बोली २०५ ची दिसली, तर २० लॉटवर दीड लाख सोडून द्यावे लागतात. अशा वेळी बाजारभावाने ऑर्डर टाकू नये. २१७-२१८ ची मर्यादा लावून एकेक-दोन-दोन लॉट पुढे करावेत. तरीही मिळाले नाही, तर त्याच महिन्याच्या मालिकेचे २० लॉट वायदे बाजारातून १२०० ला विकत घ्यावेत. मग पुटप्रमाणे १०,००० शेअर द्यायचे, वायद्याप्रमाणे १०,००० घ्यायचे. एकाच ग्राहकाच्या एकाच शेअरमधल्या या दोन बाजू एकमेकींत वजा होतात, शेअर जागेवरून हलत नाहीत आणि फरकाचे २२ लाख हाती येतात. वायद्याचे मार्जिन मात्र तेवढे दिवस ठेवावे लागते, आणि दोन्हींचे नग तंतोतंत जुळले आहेत ना, हे ब्रोकरकडून लेखी तपासून घ्यावे.

शेवटी कर, आणि इथे बहुतेक हिशेब तोकडे पडतात. शेअर बाजारातल्या ऑप्शनचा नफा-तोटा व्यवसायाच्या उत्पन्नात धरला जातो. पडझडीत पुटने दिलेले निव्वळ २० लाख ६० हजार त्याच वर्षी आपल्या टप्प्याच्या दराने करपात्र होतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यात सहा लाखांच्या वर. धारणेतली ३० लाखांची घट न विकल्यामुळे कागदावर राहते. विकून तोटा केला, तरी भांडवली तोटा व्यवसायाच्या नफ्यातून वजा होत नाही. त्यामुळे आपण धरलेले ९ लाख ४० हजारांचे नुकसान करानंतर साडेपंधरा लाखांच्या पुढे जाते. उलट दिशेने सवलत आहे : पुट वाया गेला तर तो तोटा त्याच वर्षी पगार सोडून इतर उत्पन्नातून, भांडवली नफ्यातूनही, वजा करता येतो, उरला तर आठ वर्षे पुढे नेऊन व्यवसायाच्या नफ्यातून वजा करता येतो.

करानंतरही ९ लाख ४० हजारांच्या जवळ राहायचे, तर त्याच स्ट्राइकचे २० ऐवजी सुमारे २९ लॉट लागतात, आणि प्रीमियम २ लाखांच्या वर जातो. जास्तीच्या नऊ लॉटमागे आपल्याकडे शेअर नसतात, म्हणून ते मुदतीआधी बंद करणे अनिवार्य. मी स्वतः या जास्तीच्या लॉटपेक्षा थोडी वरची स्ट्राइक पसंत करतो. १४४० चा पुट महाग पडतो, पण प्रत्येक लॉटमागे देता येण्याजोगे शेअर खात्यात असतात आणि शेवटच्या आठवड्यात धावाधाव करावी लागत नाही.