तक्त्यातून गळालेल्या योजना

म्युच्युअल फंडांच्या कामगिरीचा तक्ता म्हणजे ज्या दिवशी तो तयार होतो, त्या दिवशी चालू असलेल्या योजनांची यादी. प्रत्येक योजनेपुढे एक, तीन, पाच आणि दहा वर्षांचा वार्षिक परतावा दिलेला असतो आणि तळाशी त्या श्रेणीची सरासरी असते. दहा वर्षांच्या रकान्याखालची सरासरी म्हणजे दहा वर्षांपूर्वी गुंतवणूकदारासमोर असलेल्या सगळ्या योजनांची सरासरी, असा वाचणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती त्यांपैकी आजवर टिकलेल्या योजनांचीच असते. मधल्या काळात बंद पडलेल्या किंवा दुसऱ्या योजनेत विलीन झालेल्या योजना आजच्या यादीत नसल्यामुळे त्यांचा परतावा बेरजेत येत नाही. यातून सरासरी फुगते. या दोषाला सर्व्हायव्हरशिप बायस, म्हणजे केवळ तगलेल्यांच्या हिशेबातून येणारा दोष, असे म्हणतात.

बंद पडणाऱ्या योजना सगळ्या थरांतून सारख्या प्रमाणात गळाल्या असत्या, तर सरासरी फारशी बिघडली नसती. तसे होत नाही. परतावा कमी पडला की नवे पैसे येणे थांबते, जुने गुंतवणूकदार पैसे काढून घेतात आणि योजनेची मालमत्ता आटत जाते. फंड घराण्याला अशी योजना चालवणे परवडत नाही. विकताना तिचा जुना आलेखही अडचणीचा ठरतो. अशा वेळी ती गुंडाळून पैसे परत करण्यापेक्षा त्याच घराण्यातल्या चांगल्या चाललेल्या योजनेत तिचे विलीनीकरण केले जाते. गुंतवणूकदारांना आधी सूचना जाते आणि ठरावीक मुदतीत एक्झिट लोड न भरता बाहेर पडण्याची मुभा मिळते. जे राहतात, त्यांच्या युनिट्सच्या बदल्यात दोन्ही योजनांच्या त्या दिवशीच्या एनएव्हीनुसार नव्या योजनेची युनिट्स जमा होतात. पैसे एका योजनेतून दुसरीत जातात, पण कमकुवत योजनेचा इतिहास मात्र तिथेच संपतो. पुढच्या तक्त्यात दिसतो तो टिकलेल्या योजनेचा इतिहास.

याचा आकड्यांवर किती परिणाम होतो, हे एका काल्पनिक श्रेणीवरून पाहता येईल. समजा, एका श्रेणीत दहा योजना आहेत. त्यांपैकी तीन योजना दरवर्षी १४ टक्के, चार योजना १०.५ टक्के आणि उरलेल्या तीन फक्त ४ टक्के परतावा देतात. तुलनेचा निर्देशांक दरवर्षी ११ टक्के वाढतो. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्या तीन कमकुवत योजना इतर योजनांत विलीन होतात.

पाचव्या वर्षाच्या अखेरीस तक्त्यात सात योजना उरतात. त्यांच्या पाच वर्षांच्या परताव्यांची सरासरी बरोबर १२ टक्के भरते. म्हणजे श्रेणीने निर्देशांकाला दरवर्षी एका टक्क्याने मागे टाकले, असे चित्र उभे राहते. आता ज्या वर्षी ज्या योजना चालू होत्या, त्या सगळ्या धरून हिशेब करू. पहिल्या तीन वर्षांत दहा योजनांची सरासरी ९.६ टक्के येते आणि शेवटच्या दोन वर्षांत सात योजनांची १२ टक्के. ही पाच वर्षे चक्रवाढीने जोडली, तर वार्षिक परतावा सुमारे १०.५५ टक्के निघतो. तो निर्देशांकापेक्षा कमी आहे. एकाही योजनेचा आकडा चुकीचा छापलेला नसताना तक्त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा झाला.

निर्देशांकावर किती योजनांनी मात केली, या मोजणीतही हाच दोष शिरतो. वरच्या उदाहरणात तीन योजना निर्देशांकाच्या पुढे आहेत. टिकलेल्या सातांपैकी तीन म्हणजे जवळपास ४३ टक्के, पण सुरुवातीच्या दहांपैकी तीन म्हणजे ३० टक्केच. पाच वर्षांपूर्वी योजना निवडणाऱ्यापुढे दहा पर्याय होते. यशाची शक्यता त्यामुळे दहाच्याच हिशेबाने मोजायला हवी.

निर्देशांकाशी तुलना करताना हा फरक जास्त महत्त्वाचा ठरतो, कारण निर्देशांकाचा इतिहास असा पुसला जात नाही. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कंपनीचा घोटाळा उघड झाला, तिचा शेअर एका दिवसात कोसळला आणि नंतर ती निफ्टीतून वगळली गेली. तरीही निफ्टीत असताना तिच्यामुळे झालेली घसरण निफ्टीच्या आकड्यांत कायमची राहिली. फंडांच्या सरासरीत मात्र गळालेल्या योजनेचे मागचे नुकसानही तिच्याबरोबर निघून जाते. अशा तुलनेत एका बाजूला पूर्ण हिशेब असतो आणि दुसऱ्या बाजूला निवडक.

अमेरिकेत या दोषाचे मोजमाप १९९० च्या दशकात नीट झाले. बर्टन मल्किएल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८२ ते १९९१ या काळातील इक्विटी फंड तपासले. टिकलेल्या फंडांचा सरासरी वार्षिक परतावा सुमारे १७.१ टक्के होता. बंद पडलेले फंडही धरले, तर तो सुमारे १५.७ टक्क्यांवर आला. मार्क कार्हार्ट यांनी १९६२ पासूनचे, बंद झालेलेही फंड असलेला माहितीसंच तयार केला. त्यांनी सहकाऱ्यांसह २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून आणखी एक बाब स्पष्ट झाली: काळ लांबला की दोष वाढतो. एका वर्षाच्या तक्त्यात तो जेमतेम ०.०७ टक्के होता, तर पंधरा वर्षांपेक्षा मोठ्या काळात वर्षाला सुमारे एक टक्का. जितकी वर्षे जास्त, तितक्या जास्त योजना मधे गळतात. त्यामुळे गुंतवणूकदार ज्या दीर्घ काळाच्या रकान्यावर सर्वाधिक विसंबतो, तोच रकाना सर्वाधिक फुगलेला असतो.

भारतात ६ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकाने सेबीने योजनांच्या श्रेणी ठरवून दिल्या आणि काही अपवाद वगळता एका फंड घराण्याला प्रत्येक श्रेणीत एकच योजना ठेवायला सांगितले. पुढच्या काही महिन्यांत अनेक योजना विलीन झाल्या किंवा त्यांचे स्वरूप बदलले. विलीन योजनेचा मागचा परतावा कोणता दाखवायचा, हेही सेबीने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. सारख्या वैशिष्ट्यांच्या दोन योजना एकत्र आल्या, तर दोन्हींच्या कामगिरीची भारित सरासरी द्यायची. एकीची वैशिष्ट्ये कायम राहिली, तर तिचीच कामगिरी द्यायची. पहिल्या प्रकारात विलीन होणाऱ्या योजनेचा इतिहास काही अंशी टिकतो, दुसऱ्या प्रकारात तो लोपतो. नियमामुळे झालेल्या या विलीनीकरणांत बऱ्या कामगिरीच्या योजनाही होत्या. म्हणून नाहीशी झालेली प्रत्येक योजना वाईटच होती, असे धरता येत नाही. अशा योजना जितक्या जास्त, तितका सरासरीतला दोष कमी.

हा दोष टाळण्याची रीत ठरलेली आहे. एस अँड पी डाऊ जोन्स इंडायसेसच्या स्पिव्हा अहवालांत, भारताच्या आवृत्तीतही, निर्देशांकाशी तुलना करताना काळाच्या सुरुवातीला असलेल्या सगळ्या योजना छेदात धरल्या जातात. त्यांपैकी किती टक्के शेवटपर्यंत टिकल्या, हा आकडाही वेगळा दिला जातो. साध्या तक्त्यात ही सोय नसते, पण दोषाचा अंदाज घेता येतो. त्यासाठी दहा वर्षांच्या सरासरीत किती योजना मोजल्या आहेत ते पाहावे आणि दहा वर्षांपूर्वीच्या तक्त्यात त्याच श्रेणीत किती योजना होत्या याच्याशी ताडावे. श्रेणींची व्याख्या २०१७ नंतर बदलल्यामुळे ही तुलना काटेकोर ठरत नाही. तरीही संख्येत मोठी घट दिसली, तर छापलेल्या सरासरीला श्रेणीच्या कामगिरीची वरची मर्यादा समजणे सुरक्षित ठरते. एखाद्या योजनेचा स्वतःचा परतावा या दोषाने बदलत नाही. मात्र ती योजना दुसरीला सामावून घेऊन उभी असेल, तर दाखवलेला इतिहास नेमका कोणत्या योजनेचा आहे, हे तिच्या माहितीपत्रकात पाहावे लागते.