विश्लेषण : ‘त्याच्या कर्माचे फळ’ म्हटले की दोष नेमका कुणाचा?

अपघात झाला, मूल दगावले, धंदा बुडाला की कुणीतरी म्हणतेच, ‘ज्याचे त्याचे कर्म.’ पण अपघात करणाऱ्या चालकाला आपण पोलिसांच्या ताब्यातही देतो. मग मृत्यूला कारण कोण, मृताचे कर्म की चालक? हाच पेच महाभारतातल्या एका छोट्या गोष्टीत आहे आणि पाश्चात्त्य विचारवंतांनीही तो आपल्या पद्धतीने सोडवण्याचा प्रयत्न केला आहे.

महाभारतातली ती गोष्ट काय आहे?

अनुशासनपर्वाच्या सुरुवातीलाच ती येते. युद्ध संपले आहे, भीष्म शरपंजरी आहेत आणि या सगळ्याला आपणच कारण, म्हणून युधिष्ठिर स्वतःला दोष देतो आहे. तेव्हा भीष्म त्याला गौतमी नावाच्या वृद्धेची गोष्ट सांगतात.

गौतमीचा मुलगा साप चावून मरतो. अर्जुनक नावाचा व्याध त्या सापाला बांधून आणतो आणि विचारतो, याला आगीत टाकू की तुकडे करू? गौतमी म्हणते, सोडून दे; याला मारून माझा मुलगा परत येणार नाही. व्याधाला ते पटत नाही. हा मेला तर पुढे अनेकांचे जीव वाचतील, असे तो म्हणतो.

साप स्वतःचा बचाव कसा करतो?

तो म्हणतो, मला मृत्यूने पाठवले. मुलावर माझा राग नव्हता. व्याधाचे उत्तर आजच्या सरकारी वकिलाला शोभेल असे आहे. मडके घडताना कुंभाराची काठी आणि चाकही कारण असतात, तसा तूही कारण आहेसच. साप तीच उपमा उलटवतो. काठी आणि चाक स्वतंत्र कुठे असतात? फिरवणारा दुसराच असतो.

मग मृत्यू स्वतः येतो. वारा ढगांना ढकलतो तसे मला काळ ढकलतो, असे तो सांगतो. शेवटी काळ येतो आणि म्हणतो, आमच्यापैकी कुणीच दोषी नाही. मुलगा स्वतःच्या कर्मानेच मेला. गौतमी ते मान्य करते आणि जोडते, माझ्यावर ही वेळ आली तीही माझ्याच कर्माने. साप सुटतो.

पाश्चात्त्य विचारात हा बचाव टिकेल का?

सापाच्या बाबतीत टिकेल. ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसन यांनी १९६२ च्या ‘फ्रीडम अँड रिझेंटमेंट’ या निबंधात दोष माफ होण्याचे दोन मार्ग वेगळे केले. पहिल्यात माणूस जबाबदार असतो, पण त्या कृतीपुरती सबब असते. त्याला माहीत नव्हते किंवा त्याला कुणी ढकलले. दुसऱ्यात समोरची व्यक्ती दोष देण्याच्या नात्यातच बसत नाही, उदाहरणार्थ लहान मूल. सापावर आपण चिडू, त्याला दूर ठेवू. पण ‘तू असे का केलेस’ हा जाब त्याला विचारता येत नाही.

माणसाने मात्र हाच बचाव केला तर? ‘मला वरून हुकूम होता’ हे दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यातले आरोपीही म्हणत होते. त्यातून पुढे तत्त्व ठरले, की निवड करणे शक्य असेल तर वरिष्ठांचा हुकूम जबाबदारीतून सोडवत नाही. म्हणजे काठीची उपमा काठीलाच लागू पडते. नकार देऊ शकणाऱ्याला नाही.

मागच्या जन्माचे फळ या जन्मी, हे न्याय्य कसे?

इथे खरा मतभेद आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत नेमका हा प्रश्न विचारला. दुसऱ्या जन्मातल्या ज्या कृत्याची जाणीवच नाही, त्याबद्दल शिक्षा झाली, तर ती शिक्षा आणि जन्मतःच दुःखी असणे यांत फरक काय? लॉक यांच्या मते शिक्षेला पात्र ठरायला ‘हे मी केले’ ही जाणीव हवी.

भारतीय दर्शनांचा आग्रह वेगळ्या जागी आहे. ते दोन गोष्टी अशक्य मानतात : केलेले कर्म फळ न देता नाहीसे होणे आणि न केलेल्या कर्माचे फळ मिळणे. यांना ‘कृतनाश’ आणि ‘अकृताभ्यागम’ म्हणतात. इथे महत्त्व आठवणीपेक्षा कारण आणि परिणाम यांच्या अखंड साखळीला आहे.

आत्मा न मानणारे बौद्धही हेच सांगतात. मिलिंदप्रश्नात आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने पेरलेले आंबे वेगळे, मी तोडलेले वेगळे. भिक्खू नागसेन विचारतात, हा सुटेल का? राजा मिलिंद म्हणतो, नाही. पेरलेल्या आंब्यांमुळेच हे आंबे आले. तसेच एका जन्मातून पुढचा येतो.

शिवाय बौद्ध आणि जैन मतांत फळ देणारा न्यायाधीश नाही. विस्तवाला हात लागला की भाजते, तशी ती प्रक्रिया आहे. न्याय आणि वेदान्त या दर्शनांत मात्र फळ देणारा ईश्वर आहे. त्यामुळे लॉक यांचा प्रश्न तिथे अधिक बोचतो.

मग चालक सुटतो का?

नाही, आणि हे कर्मसिद्धान्ताच्याच भाषेत दाखवता येते. समजा, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने पादचाऱ्याला उडवले. पादचाऱ्याच्या वाट्याला मृत्यू का आला, याचे उत्तर ‘प्रारब्ध’ असे दिले जाईल. पण चालकाने प्यायलेली दारू आणि हातात घेतलेले स्टिअरिंग हे त्याचे ‘क्रियमाण’ कर्म, म्हणजे आत्ता घडणारे. एकाच्या प्रारब्धाने दुसऱ्याचे क्रियमाण पुसले जात नाही. तसे पुसले गेले तर तो कृतनाशच होईल.

गल्लत कुठे होते?

‘हे माझ्या वाट्याला का आले?’ आणि ‘याचा जाब कुणाला विचारायचा?’ हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला दिले की सोसणाराच दोषी ठरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप याच जागी होता. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली. गरीब आणि दलितांच्या स्थितीची जबाबदारी राज्य आणि समाजाला त्या कल्पनेने टाळता येते, असे त्यांचे म्हणणे होते.

गौतमीच्या गोष्टीतही ही धोक्याची जागा आहे. मुलाच्या कर्माचा निवाडा काळ देतो, पण तो स्वीकारते ती मुलाची आई, आणि त्यात ती स्वतःलाही धरते. तेच वाक्य व्याधाने तिला सुनावले असते तर? किंवा साप चावलेल्याला वेळेत औषध का मिळाले नाही, असे विचारणाऱ्या आईला आज आरोग्य केंद्रातल्या कुणी ऐकवले तर? शब्द तेच राहतील, पण आईने स्वतःची घातलेली समजूत तिथे दुसऱ्याची सबब झालेली असेल.