भिंत जाड, पण फट उघडी

पुण्यात रहदारीच्या रस्त्याला लागून असलेल्या कुठल्याही सोसायटीत नव्या फ्लॅटचं इंटिरिअर सुरू झालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बेडरूमला फॉल्स सीलिंग करून घ्या, आवाज येणार नाही." सीलिंग होतं, पैसे जातात आणि पहिल्याच रात्री डंपर खिडकीतून आत आल्यासारखा वाटतो. सीलिंगवाल्याने फसवलं असंही नाही. आवाज आत येतो कुठून, हे कोणी बघितलेलंच नसतं.

भिंतीचं गणित तसं सोपं आहे. आवाज अडवण्याचं काम वजन करतं. भिंत जितकी जड, तितकी आवाजाच्या लाटेने ती कमी हलते आणि पलीकडची हवाही कमी हलवते. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली साडेचार इंची विटांची भिंत साधारण ४५ डेसिबल अडवते, तर नऊ इंची साधारण ५०. म्हणजे जाडी दुप्पट केली तरी फायदा पाच-सहा डेसिबलचाच. कानाला आवाज निम्मा वाटायचा तर तो दहा डेसिबलने खाली यावा लागतो.

जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी भिंती शांततेसाठी बांधलेल्या नव्हत्या. त्यांच्यावर माळ्याचा आणि छपराचा भार असायचा. आरसीसीमध्ये तो भार कॉलम-बीमवर गेला आणि भिंत नुसता आडोसा उरली. त्यात आता लाल विटेऐवजी एएसी ब्लॉक आले. हा ब्लॉक हलका असतो, कारण त्यात हवेचे बुडबुडे असतात. बिल्डरला तो स्वस्तात पडतो, उन्हालाही चांगला अडवतो, पण त्याच जाडीच्या विटेपेक्षा आवाज कमी अडवतो. दोन बेडरूममधली चार इंची ब्लॉकची भिंत म्हणूनच पलीकडचा फोनवरचा संवाद शब्दशः ऐकवते.

मात्र रस्त्याच्या बाजूला भिंतीची जाडी हा मुद्दाच बहुतेक वेळा गौण असतो. एक खोली हिशोबाला घेऊ. बाहेरची भिंत दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच, म्हणजे ९५ चौरस फूट. तिच्यात साडेचार बाय चार फुटांची सरकती ॲल्युमिनियम खिडकी, १८ चौरस फुटांची. भिंत ४४ डेसिबल अडवते आणि खिडकी जेमतेम २२, असं धरू. दोन्हींचा मिळून अडसर होतो सुमारे २९ डेसिबल. आता ती भिंत पाडून नऊ इंची विटांची बांधली, तरी आकडा २९च्या आसपासच राहतो. गळकी बादली जाड पत्र्याची केली म्हणून गळायची थांबत नाही. उलट भिंत तशीच ठेवून खिडकी ३५ डेसिबल अडवणारी बसवली तर एकूण अडसर ४०वर जातो. म्हणजे ११ डेसिबलची कमाई, आणि रस्त्याचा आवाज कानाला निम्म्याहून कमी.

सरकती खिडकी इतकी कमजोर का? नुसती पाच मिलिमीटरची काच त्याहून बरंच जास्त अडवते, त्यामुळे दोष मुख्यतः कडांचा. सरकायचं म्हणजे मोकळी जागा हवीच. ती झाकायला फॅब्रिकेटर लोकरी ब्रशची पट्टी लावतो. ब्रश धूळ अडवतो, पण हवा त्यातून आरपार जाते आणि हवेबरोबर आवाजही. आपल्या खिडकीचा परीघ १७ फूट. तेवढ्या कडेला दोन मिलिमीटरची फट राहिली तर सगळी मिळून पोस्टकार्डापेक्षा थोडी लहान जागा उघडी राहते. आख्ख्या भिंतीच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकी ही फट, पण बाकी सगळं लोखंडाचं केलं तरी तिच्यामुळे अडसर ३० डेसिबलच्या वर जात नाही.

म्हणून रस्त्याच्या बाजूला दारासारखी उघडणारी खिडकी बरी. तिचा पल्ला चौकटीवर दाबून बसतो, मध्ये ईपीडीएम रबराचं सलग गॅस्केट असतं आणि हँडल फिरवलं की दोन-तीन ठिकाणी लॉक होतं. काच लॅमिनेटेड घ्यावी, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा चिकट थर असलेली. हा थर काचेची थरथर मारतो. 'डबल ग्लास' या शब्दावर मात्र भाळू नये. दोन काचांमधली बारा मिलिमीटरची पोकळी उष्णतेसाठी उत्तम असते, पण ट्रक-बसच्या जाड घरघरीवर तिचा फारसा उपयोग होत नाही. दोन काचांचा खरा फायदा त्यांच्यात चार इंचांचं अंतर असेल तेव्हा मिळतो. त्यामुळे जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या कडेला दुसरी घट्ट खिडकी बसवणं, हा भाड्याच्या घरातही जमणारा चांगला उपाय आहे.

फट आहे की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. कागदाची पट्टी पल्ला आणि चौकटीच्या मध्ये धरून खिडकी लॉक करायची. पट्टी अलगद निघाली तर तिथे गॅस्केट दाबलं जात नाहीये. हीच तपासणी कोपऱ्यांवर जरूर करावी, कारण रबर तिथेच कापून जोडलेलं असतं. एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक तर बहुतेक घरांत पांढऱ्या सिमेंटच्या पातळ लेपाने नुसतं झाकलेलं असतं, भरलेलं नसतं.

दोन बेडरूममध्येही आधी अशाच चोरवाटा शोधाव्यात. साडेचार इंची भिंतीत दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवले की तिथे भिंत नावापुरती उरते. दाराखालच्या फटीतून आवाज पॅसेजमध्ये जातो आणि शेजारच्या दाराखालून आत शिरतो. जिप्सम किंवा प्लायचं पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलं असेल तर वरच्या पोकळीतून दोन्ही खोल्या एकच असतात. पार्टिशन स्लॅबला टेकलंच पाहिजे. हे सगळं बुजवूनही बोलणं ऐकू आलं तर भिंतीसमोर वेगळी फ्रेम उभी करावी, आत काचलोकर भरावी आणि वर जिप्समचे दोन थर लावावेत. खोलीचे तीन-चार इंच जातात. ही फ्रेम जुन्या भिंतीला स्क्रूने आवळली की थरथर तिच्यातून पुढे जाते आणि बराचसा खर्च पाण्यात जातो. कारागीर नेमकं हेच करतात, मजबुतीच्या काळजीने.

आता मऊ सीलिंग. अमेरिकेत १८९५च्या सुमारास वॉलेस सॅबिन हा तरुण प्राध्यापक हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात रात्री-अपरात्री नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या उशा वाहून आणायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. मऊ वस्तू खोलीतला घुमारा शोषतात, हे त्याने आकड्यांत मांडलं. घुमारा शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. खोलीतलं शोषण दुप्पट केलं तरी आत आलेला आवाज तीनच डेसिबलने उतरतो. बेडरूममध्ये गादी, पडदे आणि कपड्यांनी भरलेलं उघडं रॅक आधीच असल्यावर ते दुप्पट करणंही अवघड. रिकाम्या, फरशीच्या, घुमणाऱ्या खोलीत मात्र मिनरल फायबरच्या टाइल्सनी फरक जाणवतो, त्यातही पावसाळ्यात त्यांना ओल लागू द्यायची नाही. साधं पीओपीचं सीलिंग तर कडकच असतं, ते शोषतही नाही. वरच्या मजल्यावर ओढलेल्या खुर्चीचा आवाज स्लॅबमधून भिंतींतही उतरतो. त्याचा स्वस्त इलाज वरच्यांच्या खुर्चीच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावणं हाच.

घट्ट खिडकी बंद असेपर्यंतच काम करते आणि बंद खोलीत ताजी हवा येत नाही. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली खिडकी किंवा जाळी आवाजासाठी कधीही बुजवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स देण्याआधी कोटेशनवर तीन गोष्टी लिहून घ्या: काचेची जाडी आणि प्रकार, गॅस्केट रबराचं की ब्रश, आणि चौकट व भिंतीमधली फट कशाने भरणार.