कॅमेऱ्याला मनातलं दिसत नाही

माझी पहिली पटकथा मी एका सहायक दिग्दर्शकाला वाचायला दिली. दोन दिवसांनी ती परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने जागोजागी एकच प्रश्न लिहिलेला होता, ‘हे शूट कसं करू?’ गोष्ट त्याला आवडली होती, पण माझी वाक्यं वाचून त्याला कामाची यादी करता येत नव्हती. पटकथेची विशिष्ट मांडणी असते ती त्याच्यासारख्यांच्या सोयीसाठी. तिचं शीर्षक, वर्णन आणि संवाद वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या कामासाठी वाचतात.

उदाहरणादाखल, पहिल्यांदा लिहिणारा माणूस साधारण असं लिहितो: ‘पहाटेची वेळ होती. अण्णा एसटी स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट पाहत होते. तीन वर्षांत मुलाने घरी पाऊल टाकलं नव्हतं, त्याचं दुःख मनात दाटून आलं होतं. मग ते कँटीनमध्ये गेले. पोऱ्याने चहा दिला. गाडी आली, पण मुलगा उतरला नाही.’

कथेत हा एक परिच्छेद आहे. पटकथेत मात्र ही तीन दृश्यं आहेत: स्टँड, कँटीन आणि पुन्हा स्टँड. जागा किंवा वेळ बदलली की दृश्य बदललं, आणि प्रत्येक दृश्याला डोक्यावर स्वतंत्र ओळ हवी. त्या ओळीत तीन गोष्टी येतात. आधी आत की बाहेर, मग जागा, मग वेळ. ‘बाह्य. एसटी स्टँड – पहाट.’ सेटवर यालाच इंटीरियर-एक्स्टीरियर, डे-नाईट म्हणतात.

ही ओळ कोरडी वाटते, पण चित्रीकरणाचं वेळापत्रक तिच्यावरच बेततात. चित्रपट गोष्टीच्या क्रमाने शूट होत नाही. स्टँडची परवानगी एकदाच काढायची, म्हणून तिथली सगळी दृश्यं एकत्र उरकतात, मग त्यातलं एक सुरुवातीचं आणि दुसरं शेवटचं का असेना. त्यामुळे जागेचं नाव प्रत्येक वेळी अक्षरशः तेच हवं. एकदा ‘एसटी स्टँड’, पुढे ‘बस स्थानक’, आणखी पुढे ‘डेपो’ असं लिहिलंत, तर यादी करणाऱ्याच्या कागदावर तीन ठिकाणं होतात. शाळेत निबंध लिहिताना एकच शब्द पुन्हा वापरू नका असं शिकवलेलं असतं. ती सवय इथे सोडायची.

वेळेचंही तसंच. ‘पहाट’ हे तीन अक्षरी काम लेखकाला फुकट पडतं. युनिटला मात्र अंधारात जमून तयार राहावं लागतं, आणि तो उजेड जेमतेम तासाभराचा, तोही सतत बदलणारा. पहाटेशिवाय प्रसंग उभाच राहत नसेल तर जरूर लिहा. नुसतं छान वाटतं म्हणून लिहिली असेल तर ‘दिवस’ करा.

आता शीर्षकाखालचं वर्णन. नवा लेखक सगळ्यात जास्त इथे घसरतो, मीही घसरलो होतो. नियम सोपा आहे: पडद्यावर दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच, वर्तमानकाळात. ‘दुःख मनात दाटून आलं’ हे दिसत नाही. ‘तीन वर्षांत मुलगा आला नाही’ हे तर मुळीच दिसत नाही, ती माहिती फक्त कागद वाचणाऱ्याला कळते. त्यावर ‘अण्णांच्या डोळ्यांत पाणी’ हा तोडगा सुचतो. तो दिसतो खरा, पण पाणी कशाचं ते सांगत नाही. म्हणून ती माहिती एखाद्या वस्तूत, कृतीत नाहीतर दुसऱ्याच्या तोंडी घालावी लागते. कँटीनचं दृश्य मी असं लिहीन:

```
.अंतर्गत. स्टँडचं कँटीन - पहाट

अण्णा टेबलावर पितळी डबा ठेवतात.
पोऱ्या (१५) फडकं मारत येतो.

@अण्णा
दोन चहा.

@पोऱ्या
मागच्या दिवाळीला पण दोनच सांगितलेले.

पोऱ्या दोन कप आणून ठेवतो. अण्णा एक
ओढून घेतात. दुसऱ्यावर बशी झाकतात.
```

अण्णा काय वाटतंय ते बोलत नाहीत, तरी झाकलेला कप पुरे होतो. शिवाय डबा, दोन कप, बशी आणि फडकं या वस्तू सामान पुरवणाऱ्याला थेट सापडतात. पात्र पहिल्यांदा येतं तिथे वय द्यायचं. अण्णांचं इथे नाही, कारण ते आधीच्या दृश्यात येऊन गेले आहेत. वर्णनाचा परिच्छेद तीन-चार ओळींपुढे नेऊ नये. आणि ‘कॅमेरा हळूहळू कपाकडे जातो’ असलं काही लिहू नये. कपाला स्वतंत्र वाक्य दिलंत की दिग्दर्शकाला इशारा पोचतो.

ओळीच्या सुरुवातीचं टिंब आणि @ पाहून कोणी बुचकळ्यात पडेल. ही फाउंटन नावाची साधी लेखनपद्धत आहे. कुठल्याही मजकूर-संपादकात लिहा, फाउंटन वाचणारं सॉफ्टवेअर समास आणि जागा आपोआप नीट लावतं. इंग्रजीत ते कॅपिटल अक्षरांवरून पात्राचं नाव ओळखतं. देवनागरीत कॅपिटल नाहीत, म्हणून नावापुढे @ द्यावं लागतं. दृश्याच्या मराठी शीर्षकापुढे टिंब लागतं. हे ठाऊक नसलं की सगळे संवाद वर्णनात मिसळून जातात आणि दोष सॉफ्टवेअरला मिळतो.

संवादाची मांडणी सोपी: नाव पानाच्या मध्याकडे, त्याखाली अरुंद पट्ट्यात बोलणं. नटाला आपल्या ओळी पटकन सापडाव्यात एवढाच हेतू. नावाखाली कंसात ‘रागाने’, ‘उदास होऊन’ लिहिण्याची खोड मात्र आवरावी. आपल्याकडे बरेच लेखक नाटकातून येतात आणि ती सोबत घेऊन येतात. वाक्यातूनच राग कळत असेल तर कंस फुकट. वाक्याचा अर्थ उलटा असेल, म्हणजे ‘ये की’ हे हाकलण्यासाठी म्हटलं असेल, तर कंस कामाचा.

पात्र दिसत नाही पण आवाज येतो, तेव्हा तो कुठून येतो तेही नावाशेजारी लिहावं लागतं. कंडक्टर गाडीमागून ओरडत असेल तर तो तिथेच, फक्त चौकटीबाहेर आहे. मुलाचं पत्र त्याच्याच आवाजात ऐकू येत असेल तर तो निवेदनाचा आवाज. पहिल्या नटाला त्या दिवशी स्टँडवर बोलवावं लागतं, दुसऱ्याचं काम पुढे कधीतरी स्टुडिओत ध्वनिमुद्रित होतं.

राहता राहिली लांबी. इंग्रजीत कुरियर टंक, १२ पॉइंट, ठरलेले समास आणि एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट असा हिशेब चालतो. कुरियरमध्ये प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, म्हणून तो बराचसा जमतो. देवनागरीत जोडाक्षरं, वेलांट्या आणि टंकागणिक बदलणारी रुंदी यामुळे पानं मोजून भागत नाही. मी घड्याळ लावून मोठ्याने वाचतो, आणि वर्णनाला डोळ्यांसमोर कृती घडू देतो. अण्णांचं शेवटचं दृश्य कागदावर चारच ओळींचं आहे: गाडी येते, माणसं उतरतात, दार बंद होतं, अण्णा डबा उचलतात. वाचायला दहा सेकंद लागतात. भरलेली एसटी रिकामी होईपर्यंत अण्णांबरोबर थांबून पाहिलं, तर घड्याळ दीड मिनिटावर जातं.